आयसीयूतली गुंगी आणि घरातली झोपेची गोळी

घरी रोज रात्री झोपेची गोळी घेणारा माणूस आयसीयूत व्हेंटिलेटरवर गेला की नातेवाइकांच्या मनात एक हिशेब आपोआप बसतो. आता डॉक्टर यांना झोपवूनच ठेवणार आहेत, म्हणजे घरच्या गोळीचं काम तिथलं इंजेक्शन करेल. मग त्या गोळीचं वेगळं सांगायचं ते काय? हा हिशेब सगळाच चुकीचा नाही, म्हणूनच तो फसवतो. त्याचा चुकलेला भाग बहुधा रुग्ण सुधारत असताना, व्हेंटिलेटरची नळी काढायच्या सुमाराला उघड्यावर येतो.

मी सोलापुरात भूलतज्ज्ञ म्हणून आयसीयूत काम करते. प्रोपोफॉल आणि डेक्समेडेटोमिडीन ही आमची रोजची औषधं. दुसऱ्याचं नाव लांबलचक असल्यानं आम्ही सगळे त्याला नुसतं ‘डेक्स’ म्हणतो, इथंही तसंच म्हणेन. ही दोन औषधं आणि मेडिकलमधून आणलेली अल्प्राझोलाम किंवा झोल्पिडेमची गोळी यांत फरक काय आहे, हे मला एका गोष्टीच्या निमित्तानं नीट सांगायचं आहे. घरच्या गोळीची सवय लागलेल्या मेंदूशी ही दोन औषधं अगदी वेगळी वागतात, आणि ते कळलं की बाकीचे फरकही उलगडतात.

आधी गोळीचं बघू. आपल्या मेंदूत गॅबा नावाचं एक रसायन असतं आणि त्याचं काम पेशींची धावपळ शांत करणं. गॅबा पेशीवरच्या ठरावीक जागी बसलं की ती पेशी काही क्षण इतरांना संदेश पाठवायची थांबते. अल्प्राझोलाम त्याच जागेच्या शेजारी बसतं आणि गॅबाचा असर वाढवतं. झोल्पिडेमही तिथंच काम करतं, फक्त त्याचा रोख जास्त करून झोपेवर असतो. यात लक्षात ठेवण्यासारखी बाब अशी की या गोळ्या स्वतः काही शांत करत नाहीत, मेंदूतल्या गॅबाचंच काम वाढवून देतात. त्यामुळे त्यांच्या असराला एक मर्यादा राहते. एकट्या गोळीनं श्वास पूर्ण थांबण्याचा धोका त्यामानानं कमी असतो तो यामुळेच. दारू किंवा ट्रामाडॉलसारखं वेदनाशामक सोबत घेतलं की मात्र ही मर्यादा राहत नाही.

प्रोपोफॉलही गॅबाच्याच जागेवर काम करतं, म्हणून नातेवाइकांचा हिशेब अर्धा बरोबर म्हणायचा. पण मात्रा वाढली की त्याला गॅबाची गरजच उरत नाही, ते स्वतःच पेशी बंद करू लागतं. मग मर्यादा राहत नाही. मात्रा वाढवत गेलं की माणूस आधी सुस्तावतो, मग हाकेला ओ देत नाही, मग चिमट्यालाही हलत नाही, आणि या वाटेवर कुठंतरी श्वास थांबतो. रक्तदाबही उतरतो. म्हणून प्रोपोफॉल जिथं चालू असतं तिथं श्वास सांभाळायला व्हेंटिलेटर किंवा निदान ते करू शकणारा माणूस शेजारी असावाच लागतो.

वेगाचाही मोठा फरक आहे. गोळी गिळली की ती पोटातून, यकृतातून फिरत अर्ध्या-पाऊण तासानं मेंदूपर्यंत पोहोचते, आणि एकदा गिळली की परत घेता येत नाही. प्रोपोफॉल शिरेतून दिलं की साधारण अर्ध्या मिनिटात डोळे मिटतात. बंद केलं की ते मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पसरतं, त्यामुळे थोडा वेळच दिलं असेल तर काही मिनिटांत जाग येते. चार-पाच दिवस सतत चाललं असेल तर चरबीत साठलेलं औषध हळूहळू रक्तात परत येत राहतं आणि जाग यायला जास्त वेळ लागतो. ‘बंद केलं म्हणालात, मग उठत का नाहीत?’ या प्रश्नाचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

डेक्सचा रस्ताच निराळा. ते गॅबाच्या वाटेला जात नाही. मेंदूच्या देठात निळसर पेशींचा एक लहानसा ठिपका आहे, त्याला लोकस सेरुलियस म्हणतात. आपण जागे असतो तेव्हा हा ठिपका नॉरअॅड्रेनालिन नावाचं रसायन सगळ्या मेंदूभर पाठवत राहतो आणि मेंदू सावध राहतो. जुन्या सोलापुरात गिरणीचा भोंगा वाजला की अख्ख्या पेठा जाग्या व्हायच्या, तसं या ठिपक्याचं काम आहे. डेक्स तो भोंगा तेवढा गप्प करतं. घरं, माणसं, दिवे सगळं जागच्या जागी असतं, म्हणून कुणी दारावर थाप मारली तर आतला माणूस उठून बोलतो. प्रोपोफॉल मात्र थेट वस्तीची वीज तोडतं.

यामुळे डेक्सवरचा रुग्ण डोळे मिटून शांत पडलेला असतो, पण नावानं हाक मारली की डोळे उघडतो, ‘हात दाबा’ म्हटलं की दाबतो आणि पुन्हा मिटतो. मेंदूच्या लहरींचा आलेख काढला तर तो नैसर्गिक झोपेच्या एका टप्प्याशी बराच जुळतो. श्वास जवळजवळ शाबूत राहतो आणि थोडी वेदनाही कमी होते. पण त्याच भोंग्याशी हृदयाच्या गतीचा आणि रक्तदाबाचाही संबंध असल्यानं नाडी मंद होते, कधी चाळिशीपर्यंत खाली येते, आणि रक्तदाब उतरतो. शिवाय खूप खोल गुंगी डेक्सनं येत नाही. ज्या रुग्णाला स्नायू सैल करणारं औषध द्यावं लागतं, म्हणजे त्याला हलताच येत नाही, त्याला एकट्या डेक्सवर ठेवणं चूक आहे. आत जागा आणि बाहेरून निश्चल, अशी भयंकर अवस्था त्यात होऊ शकते.

आता एक उदाहरण घेऊ. रुग्ण कल्पनेतला आहे, पण त्याच्या बाबतीत जे जे घडतं ते आयसीयूत नेहमी बघायला मिळतं.

समजा, वय ६६, वजन ६० किलो. आयुष्य यंत्रमागावर गेलेलं, घरात तेलुगू बोलतात, बाहेर मराठी. बिडीमुळे फुफ्फुसं आधीच थकलेली. सहा वर्षांपूर्वी भाऊ अचानक गेला तेव्हा झोप उडाली, म्हणून डॉक्टरांनी काही दिवसांसाठी अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅम लिहून दिली. काही दिवसांची गोळी तशीच चालू राहिली. ०.२५ पुरेना म्हणून ०.५ झाली, मग १ मिलिग्रॅम. ही गोळी कायद्यानं एच-१ यादीत येते, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि दुकानदाराला प्रत्येक विक्रीची नोंद करून ती ३ वर्षं जपावी लागते. पण घरोघरी ती जुन्या चिठ्ठीवर कशी मिळत राहते, हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक असेल.

मात्रा का वाढत गेली हे महत्त्वाचं आहे. रोज रात्री बाहेरून गॅबाचा असर वाढवला जातोय म्हटल्यावर मेंदू स्वतःला त्याप्रमाणे बदलून घेतो. गॅबाच्या जागा कमी दाद देऊ लागतात आणि पेशींना उत्तेजित करणारी यंत्रणा जोर धरते. गोळी घेतली की दोन्ही बाजू समतोल होतात, म्हणजे माणूस फक्त ‘नॉर्मल’ होतो. गोळी अचानक थांबली तर उत्तेजनाची बाजू मोकळी सुटते. हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, नाडी वाढते, भास होतात आणि काही जणांना फिट येते. मात्रा जितकी जास्त आणि काळ जितका लांब, तितका हा धोका जास्त.

तर या गृहस्थांना न्यूमोनिया होतो, ऑक्सिजन उतरतो आणि व्हेंटिलेटर लावावा लागतो. भरतीच्या वेळी ‘कुठली औषधं चालू आहेत?’ विचारल्यावर मुलगा सांगतो, बीपीची एक आणि शुगरची एक. झोपेच्या गोळीचं नाव निघत नाही. मुलगा काही लपवत नसतो. बीपीची गोळी हे औषध आणि रात्रीची ती छोटी गोळी ही सवय, अशी घरात वाटणी झालेली असते. कधी ती उशीखाली असते आणि मुलाला माहीतही नसते, फक्त आईला ठाऊक असते.

घशातून श्वासनलिकेत नळी असणं सहन होण्यासारखं नाही. खोकला येतो, जीव गुदमरल्यासारखा होतो, हात नळीकडे जातो. गुंगी द्यायची ती या कारणासाठी. रुग्णाला विश्रांतीची झोप लागावी हा तिचा हेतूच नाही. आधी वेदनेसाठी फेंटानिल चालू होतं, कारण प्रोपोफॉल वेदना कमी करत नाही. मग दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल सिरिंज पंपावर लावतात. तो पांढरेपणा सोयाबीन तेलाचा आहे. औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून ते तेलाच्या बारीक थेंबांत बसवलेलं असतं.

या रुग्णाला किलोमागे ताशी १.५ मिलिग्रॅम ठरवलं, तर ६० किलोला ताशी ९० मिलिग्रॅम होतात. एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असल्यामुळे पंपावर आकडा दिसतो ९ मिलिलिटर. त्यांची घरची गोळी रात्रीतून एकदा १ मिलिग्रॅमची होती. इथं तासाला ९० जातात, आणि तरी ही तुलना चुकीचीच, कारण प्रत्येक औषधाची ताकद वेगळी असते. ‘एवढ्या मिलिग्रॅमचं इंजेक्शन म्हणजे किती गोळ्या?’ या प्रश्नाला खरं उत्तर नाही.

खरा फरक त्या आकड्यावर कुणाची तरी सतत नजर असण्यात आहे. सिस्टर दर काही तासांनी रुग्णाला हाक मारते आणि गुंगीची खोली मोजते. त्यासाठी रास नावाचा मापदंड आहे. शून्य म्हणजे शांत आणि जागा. उणे १ आणि उणे २ म्हणजे हाकेला डोळे उघडून बघतो, पण फार वेळ नाही. उणे ३ म्हणजे हालतो, पण नजर देत नाही. उणे ४ म्हणजे हाकेला दाद नाही, हात लावला तरच हालतो. उणे ५ म्हणजे काही केल्या प्रतिसाद नाही. अधिकच्या बाजूला बेचैनी वाढत जाऊन ती अधिक ४ पर्यंत, म्हणजे अंगावर धावून येण्यापर्यंत जाते. बहुतेक रुग्णांना शून्य ते उणे २ मध्ये ठेवायचा प्रयत्न असतो. त्यापेक्षा खोल गेला की पंप कमी करायचा, बेचैन झाला की आधी कारण शोधायचं आणि मग वाढवायचा.

इथं सोलापूरची एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडे तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशा सगळ्या घरांतले रुग्ण येतात. अर्धवट गुंगीतला माणूस परक्या भाषेतल्या ‘डोळे उघडा’ला दाद देत नाही, म्हणून उणे ४ लिहिला जाऊ शकतो आणि गुंगी नको तितकी खोल आहे असा समज होतो. तोच माणूस ‘कळ्ळु तेरवंडी’ म्हटल्यावर डोळे उघडतो. आकडा मोजायच्या आधी घरात यांना कुठल्या भाषेत हाक मारतात, हे विचारून पलंगाशी लिहून ठेवणं मला फार गरजेचं वाटतं.

रोज सकाळी, तब्येत परवानगी देत असेल तर, गुंगी थांबवून रुग्णाला जागं होऊ देतात. २००० साली शिकागोत झालेल्या एका अभ्यासात अशी रोजची सुट्टी दिलेल्या रुग्णांचा व्हेंटिलेटर साधारण ५ दिवसांत निघाला, बाकीच्यांना ७ दिवसांच्या वर लागले. त्यानंतर सलग खोल झोपवून ठेवण्याची पद्धत मागं पडत गेली. वडील सकाळी डोळे उघडून हातपाय मारताना दिसले की ‘औषध कमी पडतंय’ असं नातेवाइकांना वाटतं. ते बहुधा मुद्दाम कमी केलेलं असतं.

प्रोपोफॉल जास्त आणि जास्त दिवस गेलं तर काय बिघडतं, हेही या पंपाशी जोडलेलं आहे. किलोमागे ताशी ४ मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे आपल्या रुग्णाला पंपावर २४ मिलिलिटरच्या वर, आणि दोन दिवसांहून अधिक चाललं तर क्वचित एक गंभीर अवस्था येते. रक्तात आम्ल वाढतं, स्नायू मोडू लागतात, हृदय मंदावतं आणि प्राणावर बेततं. ती कमी मात्रेतही कधी कधी होऊ शकते. म्हणून रक्तातली चरबी आणि आम्लता तपासत राहतात, आणि मात्रा त्या रेषेच्या बरीच खाली ठेवायला बघतात. तेलात जंतू सहज वाढतात, म्हणून सिरिंज आणि नळी दर १२ तासांनी बदलतात. आपण बाहेरून बघताना अर्धी भरलेली सिरिंज टाकून देताना दिसली तर तो अपव्यय समजू नये.

आपल्या रुग्णाचे पहिले तीन दिवस असे जातात. घरची गोळी बंद आहे, तरी ना थरथर, ना घाम. कारण प्रोपोफॉल त्याच गॅबाच्या जागेवर काम करतंय. सहा वर्षांची सवय त्यानं झाकून ठेवली आहे.

चौथ्या दिवशी फुफ्फुसं सुधारतात आणि नळी काढायचा विचार सुरू होतो. अडचण अशी की प्रोपोफॉल चालू ठेवलं तर श्वास उथळ होतो, बंद केलं तर रुग्ण नळीशी झगडतो. हा डेक्सचा प्रसंग. २०० मायक्रोग्रॅमची २ मिलिलिटरची कुपी सलाईनमध्ये मिसळून ५० मिलिलिटर करतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४ मायक्रोग्रॅम. किलोमागे ताशी ०.४ मायक्रोग्रॅम धरले तर ६० किलोला २४ मायक्रोग्रॅम, पंपावर ६ मिलिलिटर. सुरुवातीचा मोठा डोस बरेच जण टाळतात, कारण त्यानं रक्तदाब आधी चढतो आणि मग नाडी एकदम खाली येते. तो टाळला की पूर्ण असर यायला काही तास लागतात. म्हणून डेक्स चालू करून प्रोपोफॉल हळूहळू उतरवत नेतात. संध्याकाळपर्यंत पांढरी सिरिंज निघते. रुग्ण शांत, हाकेला डोळे उघडतो, मान हलवतो. पाचव्या दिवशी सकाळी नळी निघते आणि डेक्स थोडं चालूच राहतं, कारण त्यानं श्वास दबत नाही. घरच्यांना हायसं वाटतं.

पाचव्या रात्री चित्र बदलतं. हात थरथरू लागतात. कपाळावर घाम. चादरीचे धागे ओढत बसतात. भिंतीकडे बघून कुणाशी तरी बोलतात. मुलाला ओळखत नाहीत.

इथं सगळ्यात फसवी गोष्ट मॉनिटरवर असते. नाडी ८४. सवयीचं औषध तुटल्यावर नाडी ११०-१२० च्या वर पळायला हवी, ती पळत नाही, कारण डेक्सनं धरून ठेवली आहे. रक्तदाबही फार चढलेला नसतो. म्हणजे डेक्स गोळी तुटल्याच्या बाहेरच्या खुणा झाकतंय, पण गॅबाच्या जागेवर ते काहीच करत नसल्यामुळे आतली उत्तेजना तशीच आहे. फिट येण्याचा धोका त्यानं टळत नाही. हा मुद्दा नीट लक्षात यावा म्हणूनच मी इतकं लांबून आले.

असं झालं की आधी इतर कारणं तपासतात. ऑक्सिजन उतरला का, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला का, साखर कमी झाली का, लघवीची नळी तुंबली का, दुखतंय का, नवा जंतुसंसर्ग आहे का. आयसीयूत वयस्कर रुग्णाला भ्रम होणं ही फार नेहमीची बाब आहे आणि त्याची कारणं अशी अनेक असतात. पण ही थरथर आणि घाम दिसल्यावर एक फोन घरी जातो. आईला विचारायचं: ‘ते रात्री झोपायला काही घेत होते का?’ आणि आई लगेच सांगते, ‘हो, ती बारीक गोळी. ती तर रोजचीच.’

आता काय द्यायचं? डेक्स वाढवलं तर नाडी आणखी मंद होईल आणि फिटचा धोका तसाच राहील. प्रोपोफॉल गॅबाच्या जागेवर पोहोचेल, पण आता श्वास सांभाळायला नळी नाही. अशा वेळी घरच्याच जातीचं औषध मोजून, बेताच्या मात्रेत परत सुरू करतात. गिळता येत असेल तर तोंडावाटे, नाहीतर नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून. एरवी आयसीयूत या जातीची औषधं आम्ही टाळतो, कारण त्यांनी भ्रम वाढतो. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही गुंगीसाठी त्यांच्याऐवजी प्रोपोफॉल किंवा डेक्स वापरायला सुचवतात. पण सवयीचं औषध तुटल्यामुळे त्रास होत असेल तर उपचार त्याच औषधानं होतो. या रुग्णाची फुफ्फुसं थकलेली आहेत, म्हणून प्रत्येक डोसनंतर श्वासाकडे बारीक लक्ष ठेवायचं. बहुतेकदा काही तासांत थरथर ओसरू लागते. भ्रम पूर्ण जायला मात्र काही दिवस लागू शकतात.

हीच माहिती पहिल्या दिवशी मिळाली असती, तर प्रोपोफॉल उतरवण्याआधीच नाकातल्या नळीतून गोळी चालू करता आली असती. म्हणून घरात कुणी रोज झोपेची गोळी घेत असेल, तर भरतीच्या वेळी स्ट्रिप घेऊनच यावं. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वर्षं आणि शेवटची कधी घेतली, हे चार तपशील पुरतात. दारूचंही तसंच आहे, तीही गॅबाच्याच जागेवर काम करते. ते सांगताना लाज वाटते हे मला समजतं, पण तिथं कुणी न्यायनिवाडा करायला बसलेलं नसतं.

काही जण विचारतात, डेक्सनं श्वास दबत नाही आणि झोपही नैसर्गिकसारखी, मग सगळ्यांना तेच का देत नाही? एक तर सगळ्यांना ते पुरत नाही. दुसरं, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ४००० रुग्णांच्या अभ्यासात सुरुवातीपासून डेक्स दिल्यानं एकूण मृत्यूंमध्ये फरक पडला नाही, पण ६५ आणि त्याखालच्या वयात मृत्यू थोडे जास्त दिसले. २०२२ मध्ये युरोपातल्या औषध नियामकांनी त्याबद्दल डॉक्टरांना सावध केलं. कुणाला काय द्यायचं ते वय, हृदय, रक्तदाब आणि नळी किती दिवस राहणार यावर ठरतं.

आणि काही जण दबक्या आवाजात विचारतात, घरी झोपच लागत नाही, त्या पांढऱ्या इंजेक्शनचं काही करता येईल का? मायकल जॅक्सन २५ जून २००९ रोजी गेला तो याच औषधानं. झोप लागावी म्हणून घरीच शयनकक्षात प्रोपोफॉल दिलं जात होतं, जोडीला गोळ्यांच्या जातीची औषधंही होती, आणि श्वासावर नजर ठेवायला लागणारी साधनं आणि माणसं नव्हती. त्याच्या डॉक्टरला २०११ मध्ये न्यायालयानं दोषी ठरवलं. प्रोपोफॉलनं आलेली बेशुद्धी झोपेसारखी दिसते, पण झोपेतले टप्पे, त्यांची रात्रभराची आवर्तनं तिच्यात नसतात. आठवडाभर ‘झोपून’ उठलेला रुग्ण थकलेला, झोपेला आसुसलेला असतो तो म्हणून.

या थकव्यामुळेच घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडे अवघड जातात. रात्र रात्र झोप येत नाही, भीतीदायक स्वप्नं पडतात, आणि घरातली जुनी गोळी हाताशी असते. ‘एकानं भागत नाही, दोन द्या’ असं घरातलंच कुणी म्हणतं. नुकताच न्यूमोनियातून उठलेल्या, बिडीनं फुफ्फुसं थकलेल्या माणसात दोन गोळ्या रात्री श्वास इतका मंद करू शकतात की सकाळी तो उठवूनही नीट उठत नाही. ओठ निळसर, सकाळी डोकं जड, दिवसा बसल्याजागी डुलक्या, बोलताना गोंधळ असं दिसलं तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

उलट टोकही तितकंच धोक्याचं. या गोळीमुळे एवढं झालं म्हटल्यावर मुलगा रागानं स्ट्रिप कचऱ्यात टाकतो आणि पाचव्या रात्रीचा प्रकार घरी, मॉनिटरशिवाय पुन्हा सुरू होतो. गोळी सोडवायची असेल तर ती उतरवत न्यायची असते. दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या ५ ते १० टक्के कमी करायचं, त्रास वाढला तर तिथंच काही दिवस थांबायचं. आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांना १ मिलिग्रॅमवरून शून्यावर यायला यात वर्ष जाऊ शकतं. अल्प्राझोलामची सहसा मिळणारी लहान गोळी ०.२५ ची असल्यानं इतकं बारीक तुकडे करून कमी करणं जमत नाही, म्हणून कधी जास्त वेळ टिकणाऱ्या डायझेपामवर बदलून मग उतरवतात. तो बदल किती मिलिग्रॅमला किती, हे थकलेल्या फुफ्फुसांत डॉक्टरनंच ठरवायचं. डिस्चार्ज कार्डावर बीपी-शुगरच्या गोळ्यांखाली ही उतरण्याची तारीखवार आखणी लिहून मागा, आणि ज्या मेडिकलमधून गोळी येते तिथं ते कार्ड दाखवा.